टाइमटेबल ‘बसत नाही’ म्हणजे नक्की काय?

कॉलेजच्या पहिल्या आठवड्यातलं दृश्य आठवून बघा. एकाच वर्गाच्या दारात दोन तुकड्यांची पोरं उभी आहेत, आत एक मॅडम शिकवतायत आणि बाहेर दुसरे सर हातातला कागद पुन्हा पुन्हा वाचतायत. कोणीतरी म्हणतं, ‘टाइमटेबल अजून फायनल नाहीये.’ आणि सगळे कँटीनला निघून जातात.

आता शाळा आठवा. दहा वर्षांत किती वेळा दोन सर एकाच तासाला तुमच्या वर्गात शिरले? बहुतेकांना एखादा प्रसंगही आठवणार नाही. तुम्हाला कधी दिसलं नाही, पण जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी कोणीतरी, बहुधा पर्यवेक्षक बाई किंवा सर, मोठा पुठ्ठा, रंगीत चिठ्ठ्या आणि खोडरबर घेऊन चार-पाच दिवस त्यात डोकं घालून बसलेले होते. त्या दिवसांत स्टाफरूममध्ये एक वाक्य सारखं ऐकू येतं : ‘बसत नाहीये.’

या ‘बसत नाहीये’चे तीन वेगवेगळे अर्थ असतात. तुमच्यापैकी जे बी.एड. करून शाळेत जाणार आहेत, किंवा ज्यांच्या गळ्यात फेस्टिव्हलचं, ओरलचं किंवा प्रॅक्टिकलचं वेळापत्रक पडणार आहे, त्यांनी हे तीन अर्थ वेगळे ओळखायला शिकलं, तर बऱ्याच रात्री वाचतील.

पहिला अर्थ सगळ्यात सोपा. बेरीजच जुळत नाही.

एक मध्यम आकाराची शाळा धरू. आठवी, नववी, दहावी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे सहा वर्ग. सोमवार ते शुक्रवार रोज ८ तास आणि शनिवारी अर्धा दिवस, ५ तास. आठवड्याचे झाले ४५. प्रत्येक वर्गाच्या सगळ्या विषयांचे तास मिळून ४५ व्हायला हवेत, ना ४४ ना ४६. मग शिक्षकांकडे वळा. गणिताला प्रत्येक वर्गात आठवड्याला ७ तास दिले, तर सहा वर्गांचे ४२. एकाच बाईंना सगळे दिले तर कागदावर ते ४५ मध्ये बसतात, पण त्या बाईंना आठवड्यात तीनच ऑफ तास उरतात आणि वह्या तपासायच्या कधी, हा प्रश्न त्या तुम्हाला नक्की विचारतील. म्हणून दोघांत २१-२१ वाटायचे. असं प्रत्येक विषयाचं, प्रत्येक शिक्षकाचं करायचं. एखाद्याच्या नावावर ४५ पेक्षा जास्त तास लागले की तिथेच थांबायचं. असं टाइमटेबल जगात कोणी बसवू शकत नाही. तिथे चिठ्ठ्या हलवत बसण्यात अर्थ नसतो, मुख्याध्यापकांकडे जाऊन आणखी एक शिक्षक मागायचा असतो.

गंमत पुढे आहे. समजा बेरीज जुळली. प्रत्येक वर्गाचे तास बरोबर, कोणत्याही शिक्षकाचे जास्त नाहीत. आता क्लॅश न होता ते बसेलच याची खात्री आहे का? की बेरीज जुळूनही कुठेतरी अडकू शकतं?

हे हाताने करून बघू. वही-पेन घ्या. सहा वर्ग आणि ४५ तास पेपरात मावणार नाहीत, म्हणून तीन वर्ग आणि मधल्या सुट्टीआधीचे चार तास घेऊ. शिक्षक चार : गणिताच्या बाई, इंग्रजीचे सर, मराठीच्या बाई, विज्ञानाचे सर. आठवीला आणि नववीला चारही विषयांचा एकेक तास हवाय. दहावीला गणिताचे दोन, विज्ञानाचा एक आणि इंग्रजीचा एक. मोजून बघा : गणिताच्या बाईंना चार तास, म्हणजे त्या पूर्ण भरल्या. इंग्रजी आणि विज्ञानाच्या सरांना तीन-तीन, मराठीच्या बाईंना दोन. एकूण बारा तास, आणि तीन वर्गांच्या चार-चार चौकटीही बाराच. बेरीज चोख आहे.

आता भरायला घ्या. पहिल्यापासून चौथ्या तासापर्यंत आठवीला दिलं : गणित, इंग्रजी, मराठी, विज्ञान. नववीला : इंग्रजी, गणित, विज्ञान, मराठी. आतापर्यंत कोणाचीही टक्कर नाही. दहावीकडे या. गणिताच्या बाई पहिल्या तासाला आठवीत, दुसऱ्याला नववीत आहेत, म्हणून दहावीचं गणित तिसऱ्या आणि चौथ्या तासाला. विज्ञानाचे सर पहिल्या तासाला मोकळे आहेत, ते पहिल्याला टाकले. आता दहावीला फक्त दुसरा तास रिकामा आहे आणि फक्त इंग्रजी उरलंय. पण दुसऱ्या तासाला इंग्रजीचे सर आठवीत आहेत.

बसत नाहीये!

इथे बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. सगळं खोडून पहिल्यापासून सुरू करतात, किंवा ‘इंग्रजीचा एक तास कमी करू का?’ असं विचारायला जातात. दोन्हीची गरज नाही. दहावी दुसऱ्या तासाला मोकळी आहे. इंग्रजीचे सर कधी मोकळे आहेत? तिसऱ्या तासाला. म्हणजे आपला सगळा घोळ फक्त दुसरा तास आणि तिसरा तास या दोघांतला आहे. बाकीच्या तासांना हातही लावायचा नाही.

सरांना दुसऱ्या तासाला दहावीत पाठवा. मग त्यांचा आठवीतला तास उठला, तो तिसऱ्या तासाला ढकला. पण आठवीत तिसऱ्याला मराठीच्या बाई आहेत, त्यांना उठवून दुसऱ्याला आणा. मराठीच्या बाई दुसऱ्या तासाला कुठे आहेत? कुठेच नाहीत, स्टाफरूममध्ये चहा घेतायत. संपलं. एका वर्गातल्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली आणि सगळं बसलं. नवीन टाइमटेबल असं :

```
तास     आठवी      नववी      दहावी
१       गणित      इंग्रजी     विज्ञान
२       मराठी      गणित      इंग्रजी
३       इंग्रजी     विज्ञान     गणित
४       विज्ञान     मराठी      गणित
```

आडवी ओळ वाचत जा. कोणत्याही ओळीत एक नाव दोनदा आलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, इथे नशीब चांगलं होतं, मराठीच्या बाई मोकळ्या होत्या. नसत्या तर? तर त्या दुसऱ्या तासाला ज्या वर्गात होत्या, तिथला तास तिसऱ्याला ढकलायचा, तिथे तिसऱ्याला असलेल्या शिक्षकाला दुसऱ्यावर आणायचं, आणि असंच पुढे. मोठ्या शाळेत ही साखळी बरीच लांबू शकते. प्रश्न एवढाच आहे की ती फिरून पुन्हा दहावीवरच येऊन आदळली तर काय? मग तर सगळं मुसळ केरात.

ती तशी येऊ शकत नाही, आणि याचं कारण वाचून सोडून देण्यासारखं नाही, थांबून समजून घेण्यासारखं आहे. साखळी एका ठरावीक चालीने चालते. प्रत्येक वर्गात ती ‘दुसऱ्या तासाच्या’ दाराने शिरते आणि ‘तिसऱ्या तासाच्या’ दाराने बाहेर पडते. दहावीला दुसऱ्या तासाला काहीच नाही, म्हणजे दहावीचं ते दारच बंद आहे. साखळी तिथे शिरणार कुठून? तसंच शिक्षकांचं. प्रत्येक शिक्षकाकडे ती तिसऱ्या तासाच्या बाजूने येते, आणि इंग्रजीचे सर तिसऱ्या तासाला मोकळे आहेत, त्यामुळे ती त्यांच्याकडेही परतू शकत नाही. मधल्या कुठल्या वर्गात किंवा शिक्षकाकडे ती दुसऱ्यांदाही येऊ शकत नाही, कारण एका माणसाचा दुसऱ्या तासाला एकच वर्ग असतो आणि तिसऱ्याला एकच. वर्ग आणि शिक्षक मोजके आहेत, म्हणजे साखळी कुठेतरी संपणारच. जिथे संपते तिथे कोणीतरी मोकळं असतं.

म्हणजे काय झालं बघा. एखादा तास अडकला की अशी एक साखळी हलवायची, तो बसतो आणि आधी बसलेलं काहीही मोडत नाही. पुढचा अडकला की पुन्हा तेच. म्हणून बेरीज जुळत असेल आणि दुसरी कुठलीही अट नसेल, तर टाइमटेबल नेहमीच बसतं. नेहमी! वर्ग सहा असोत की साठ.

ही गोष्ट हंगेरीचे गणिती डेनेश कोनिग यांनी १९१६ मध्ये सिद्ध केली. त्यांच्यासमोर शाळेचं वेळापत्रक नव्हतं. एका बाजूला काही ठिपके, दुसऱ्या बाजूला काही ठिपके, आणि मधल्या रेषांना रंग द्यायचे. एका ठिपक्याला टेकणाऱ्या दोन रेषांचा रंग सारखा नको. किती रंग लागतील? कोनिग म्हणतात, ज्या ठिपक्याला सगळ्यात जास्त रेषा टेकतात तितकेच पुरतात. आता एका बाजूच्या ठिपक्यांना वर्ग म्हणा, दुसऱ्या बाजूच्यांना शिक्षक, रेषेला तास आणि रंगाला घंटा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ग्राफ थिअरीत हे प्रमेय येतं आणि आपण ते पाठ करून परीक्षेत उतरवतो. आपल्या शाळेच्या बाई पुठ्ठ्यावर बोट फिरवत हेच करत होत्या, हे कोणी सांगत नाही.

तर ‘बसत नाहीये’चा दुसरा अर्थ हा : बसतंय, पण आपण चुकीच्या जागी अडकलोय. यावर खोडरबर नको, साखळी शोधा.

मग टाइमटेबल लावायला चार-पाच दिवस का लागतात? कारण ‘दुसरी कुठलीही अट नसेल’ हे मी वर पटकन म्हणून गेलो. अट नसलेली शाळा अजून बांधलेली नाही.

आपल्याच तीन वर्गांत एक अट घालून बघू. विज्ञानाचे सर सकाळी ज्युनियर कॉलेजला शिकवतात, पहिल्या तासाला पोचू शकत नाहीत. हरकत नाही, त्यांचे तीन तास आहेत आणि दुसरा, तिसरा, चौथा मिळून जागाही तीन. इंग्रजीचे सर म्हणतात, मलाही पहिला तास नको, लोकल चुकते. त्यांचेही तीनच तास आहेत आणि जागा तीन. दोघांना वेगवेगळं विचारलंत तर दोघांचाही हिशेब जुळतो. तुम्ही दोघांनाही ‘बघतो’ म्हणून सांगता. तुम्हीच अडकता, कारण पहिल्या तासाला वर्ग तीन आहेत आणि शाळेत शिक्षक दोनच, गणित आणि मराठी. एक वर्ग रिकामा बसणार आणि त्याचे चार तास उरलेल्या तीन घंटांत घालावे लागणार. कितीही साखळ्या हलवा, होणार नाही.

हा तिसरा अर्थ : बेरीज जुळते, पण अटी एकमेकांना जुळत नाहीत. तो आधी ओळखायचा असेल तर शिक्षकागणिक नव्हे, तासागणिक मोजा. आठवड्याच्या ४५ तासांपैकी प्रत्येकासमोर लिहा, त्या वेळी शाळेत येऊ शकणारे शिक्षक किती. सहा वर्ग असतील आणि शनिवारच्या शेवटच्या तासासमोर पाच लिहावं लागलं, तर चिठ्ठ्या कापण्याआधीच तुम्हाला कळलं. आणि हा कागद हातात असला की ज्यांना ‘नाही’ म्हणायचं त्यांना ते दाखवता येतं. नाहीतर स्टाफरूममध्ये कोणीच विश्वास ठेवत नाही. ‘बाईंनी मुद्दाम केलं’ असंच बोललं जातं.

पण सगळेच अडथळे असे मोजून सापडत नाहीत, आणि इथे जरा वाईट बातमी आहे. १९७६ मध्ये शिमोन ईव्हन, अलोन इताय आणि आदी शामीर यांनी दाखवलं की शिक्षकांना ‘मी या वेळेलाच येणार’ असं म्हणू दिलं, तर अख्ख्या वेळापत्रकात तीनच घंटा असल्या तरी हा प्रश्न एनपी-कम्प्लीट होतो. म्हणजे वर्ग आणि शिक्षक वाढत गेले तरी झटपट ‘बसेल’ किंवा ‘बसणार नाही’ असं खात्रीने सांगणारी पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. शामीर हे नाव ओळखीचं वाटलं ना? आरएसए मधला ‘एस’ तोच. अट नव्हती तेव्हा कोनिग यांची साखळी कधीच फसत नव्हती. एक साधी ‘पहिला तास नको’ आली आणि खात्री गेली.

साखळी मोडणारी दुसरी गोष्ट तुम्ही सगळ्यांनी शाळेत अनुभवली आहे. हिंदी-संस्कृतचा तास! घंटा झाली की ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीतली संस्कृतवाली पोरं एका वर्गात आणि हिंदीवाली दुसऱ्या वर्गात. तुम्हाला ती बेंच बदलून मित्राशेजारी बसायची संधी वाटायची. टाइमटेबल लावणाऱ्यासाठी तो एकच तास चार गोष्टींना खिळा ठोकतो : दोन्ही तुकड्या आणि दोन्ही शिक्षक एकाच घंटेला हवेत. तो हलवायचा म्हटलं तर दोन्ही वर्गांतल्या चिठ्ठ्या उठतात, त्या दोन शिक्षकांना ढकलतात, ते आणखी दोघांना. साखळी सरळ न जाता तिला फांद्या फुटतात, आणि फांद्या एकमेकींवर येऊन आदळू शकतात. वरचा ‘एकाच दाराने शिरते’ हा सगळा युक्तिवाद एका तासात एक वर्ग आणि एक शिक्षक असतो, यावर उभा होता.

खोल्यांचंही तसंच. आपल्याकडे शाळेत वर्ग आपल्या खोलीत बसतो आणि शिक्षक फिरतात, म्हणून खोलीचा क्लॅश सहसा होत नाही. तो होतो प्रयोगशाळेत, कॉम्प्युटर रूममध्ये आणि मैदानावर. कॉलेजात खोल्याच कमी असतात, तरी तिथे एक दिलासा आहे : सगळ्या खोल्या सारख्याच चालणार असतील आणि आठवड्याचे एकूण तास ‘खोल्या गुणिले घंटा’ यापेक्षा जास्त नसतील, तर त्याच साखळीने गर्दीच्या घंटेतले तास रिकाम्या घंटेत सरकवता येतात. पण ‘केमिस्ट्रीची लॅबच हवी’ म्हटलं की वर्ग, शिक्षक आणि लॅब असे तिघे एकाच वेळी मोकळे सापडावे लागतात. दोघांची जोडी लावणं सोपं आहे. तिघांची त्रिकुटं जुळवण्याचा प्रश्न रिचर्ड कार्प यांनी १९७२ मध्ये दिलेल्या २१ अवघड प्रश्नांच्या प्रसिद्ध यादीत आहे.

मग प्रत्यक्षात करायचं काय? अनुभवी माणसं एक नियम पाळतात : जे सगळ्यात कमी हलू शकतं ते आधी बसवायचं.

आपल्या सहा वर्गांच्या शाळेत एक प्रयोगशाळा आहे. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक प्रॅक्टिकल, सलग दोन तासांचं, आणि पोरं जास्त म्हणून अर्धा-अर्धा वर्ग, म्हणजे दोन बॅच. सहा वर्गांच्या बारा जोड्या झाल्या. मधली सुट्टी चौथ्या तासानंतर आहे, त्यामुळे चौथा-पाचवा अशी जोडी चालत नाही, मध्ये पोरं डबा खायला जातात. दिवसाच्या चार जोड्या पडतात : १-२, ३-४, ५-६, ७-८. पाच दिवसांच्या २० आणि शनिवारच्या २, एकूण २२. बारा जोड्यांना २२ जागा, ऐसपैस वाटतं. पण पहिलं प्रॅक्टिकल तुम्ही सहज म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या तासाला टाकलंत, तर त्या दिवसाचा पहिला आणि चौथा तास एकटे पडले आणि एका फटक्यात दोन जोड्या गेल्या. असं सहा वेळा झालं की २२ च्या बारासुद्धा उरत नाहीत. नेमकं हेच प्रॅक्टिकल शेवटी टाकणाऱ्यांचं होतं. बाकीचे विषय पसरून बसलेले असतात आणि सलग दोन रिकाम्या चौकटी कुठेच नसतात. म्हणून आधी प्रॅक्टिकल, मग हिंदी-संस्कृत, मग बाहेरून तीनच दिवस येणारे चित्रकलेचे सर, मग सगळ्यात भरलेले शिक्षक. मराठी, इतिहास अशा सुट्या चिठ्ठ्या शेवटी, कारण अडलं तर हलायला त्याच मोकळ्या असतात.

ज्यांना पुठ्ठ्याऐवजी कॉम्प्युटर हवाय त्यांच्यासाठी FET नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, रोमानियाच्या लिव्हिऊ लालेस्कू यांनी लिहिलेलं. ते काय करतं? सगळ्यात अवघड तास आधी घेतं, जागा नसेल तर तिथे बसलेल्याला उठवतं, उठवलेल्याला दुसरीकडे बसवायला बघतं, तिथल्याला पुन्हा उठवतं, आणि ठरावीक खोलीपर्यंत जमलं नाही तर दुसरी वाट धरतं. तुम्ही मघाशी वहीत जे केलंत तेच, फक्त न कंटाळता. मात्र हेही लक्षात ठेवा : ते तासभर फिरत राहिलं तर त्याचा अर्थ ‘बसणारच नाही’ असा होत नाही, आणि ‘अजून थोडा वेळ दिला तर बसेल’ असाही होत नाही. त्याला अडकलेला तास कोणता ते बघायचं, आणि वर सांगितलेली तासागणिक मोजणी त्या तासाच्या आसपास पुन्हा करायची.

नुसतं तपासायचं असेल तर शीट पुरते. पहिल्या कॉलममध्ये वार आणि तास, B ते G मध्ये सहा वर्ग, चौकटीत शिक्षकाचा कोड. मग कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये B2 पासूनच्या सगळ्या चौकटींना हे सूत्र द्या :

```
=COUNTIF($B2:$G2,B2)>1
```

एकाच तासाला एक कोड दोन वर्गांत आला की दोन्ही चौकटी रंगतात. हे फसतं कुठे, तेही सांगतो. एका ठिकाणी ‘पाटील’ आणि दुसरीकडे ‘पाटील सर’ लिहिलंत तर शीटला ती दोन माणसं वाटतात, म्हणून नाव नको, T1, T2 असे कोड ठेवा. हिंदी-संस्कृतच्या चौकटीत तुम्ही ‘T4/T9’ लिहिता, आणि त्याच तासाला T9 नववीत असेल तर नववीच्या त्या चौकटीबद्दल सूत्र गप्प बसतं. तो तास शिक्षकांच्या रकान्यात स्वतंत्र तपासायला लागतो. उलट दोन तुकड्यांचा पीटीचा तास एकत्र असेल तर क्लॅश नसतानाही रंग येतो.

हे सगळं झालं, एकही चौकट रंगीत नाही, म्हणजे काम संपलं असं वाटतं. पण क्लॅश नसलेली टाइमटेबलं एक नाही, पुष्कळ असतात. आपल्या छोट्या उदाहरणातच बघा, पहिल्या आणि चौथ्या तासाच्या पूर्ण ओळी एकमेकींच्या जागी टाकल्या तरी सगळं बरोबरच राहतं. फक्त दहावीचं गणित चौथ्या तासाऐवजी पहिल्याला येतं, आणि मराठीच्या बाईंना सकाळी थोडं उशिरा यायची सोय होती ती जाते. त्यातलं कोणतं निवडायचं, हे कोनिग सांगत नाहीत. मग शनिवारचा शेवटचा तास, दिवसात मधेच दोन ऑफ आणि पुन्हा शेवटचे दोन तास असली पानं बहुतेकदा ज्याची नोकरी सगळ्यात नवीन, त्याच्या वाट्याला येतात. तो काही बोलत नाही.

मी एका शाळेतल्या पर्यवेक्षिका बाईंना विचारलं होतं की हे तुम्ही कसं ठरवता. त्यांनी कपाटातून मागच्या तीन वर्षांचे पुठ्ठे काढले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने नावं आणि आकडे होते : शेवटचा तास कोणाला किती वेळा, शनिवारचा कोणाला किती वेळा. ‘क्लॅश काय, बोटाने सापडतो,’ त्या म्हणाल्या. ‘हे मागचं मोजल्याशिवाय मी पुढची बाजू लावायलाच घेत नाही.’